रुईच्या धुळीतला बोर्ड: एका जिनिंगमधलं तापमानाचं प्रकरण

पार्श्वभूमी

विदर्भातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये आम्ही नोव्हेंबरात एक यंत्रणा बसवली. शेतकऱ्याच्या गाडीतून कापूस उतरतो आणि पट्ट्यावरून रेच्यांकडे, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रांकडे जातो. त्या पट्ट्यावर दोन कॅमेरे लावले. काम एकच: कापसातली पन्नी, गुटख्याच्या पुड्या, नायलॉनची सुतळी आणि पोत्याचे धागे ओळखायचे आणि भोंगा वाजवायचा. पुढे उभ्या असलेल्या बायका तो कचरा उचलून बाजूला टाकतात. हे धागे एकदा रेच्यात गेले की त्यांचे तुकडे होऊन रुईत मिसळतात आणि गाठीत जातात. मग ते पार सूतगिरणीत कापड रंगवताना दिसतात.

ओळखण्याचं काम जेटसन ओरिन नॅनो या एनव्हीडियाच्या छोट्या संगणकाच्या ८ जीबीच्या बोर्डवर चालायचं. मॉडेल छोटं होतं, टेन्सरआरटीने एफपी१६ मध्ये बांधलेलं. दोन्ही कॅमेऱ्यांकडून सेकंदाला २५-२५ फ्रेम यायच्या, म्हणजे एकूण ५०. बोर्ड १५ वॅटच्या मोडमध्ये होता आणि सेकंदाला ५८ फ्रेमपर्यंत ओढायचा. नागपूरच्या टेबलावर आठवडाभर चाचणी केली होती, तेव्हा काहीच अडलं नव्हतं. तिथे एसी होता, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या मनात आली नाही.

बोर्ड, वीजपुरवठा आणि कॅमेऱ्यांना एकाच केबलने वीज नि नेटवर्क देणारा पीओई स्विच एका लोखंडी पॅनलमध्ये होता. पॅनलच्या खालच्या बाजूला फिल्टर लावलेला पंखा हवा आत ओढायचा, वरच्या झरोक्यातून ती बाहेर जायची. पॅनल बनवणारा बहुतेक ठिकाणी हेच देतो, आणि बहुतेक ठिकाणी ते चालतंही.

अडचण कशी समोर आली

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तक्रार आली. ती आमच्या डॅशबोर्डवरून आली नाही, पट्ट्याशी उभ्या राहणाऱ्या एका ताईंकडून आली. "सर, दुपारून हा भोंगा लेट वाजते. पन्नी पुढं निघून जाते, मंग वाजते."

आम्ही लॉग पाहिले. भोंगे वाजलेले होते, पन्न्या ओळखलेल्या होत्या, संख्या रोजच्यासारखीच होती. कागदावर यंत्रणा ठणठणीत होती. म्हणून पहिले दोन दिवस आम्ही नेटवर्क केबल आणि भोंग्याचा रिले तपासण्यात घालवले. नंतर एकाला वाटलं की दुपारी छपरावरच्या पारदर्शक पत्र्यातून उजेड येतो, त्याने मॉडेल गोंधळत असेल. तसं असतं तर ओळख चुकली असती. इथे ओळख बरोबर होती, फक्त उशिरा होत होती. त्या फरकाकडे आमचं लक्ष उशिराच गेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता बोर्डवर बसून हे चालवलं:

```
sudo nvpmodel -q
sudo tegrastats --start --interval 5000 --logfile /var/log/tegra.log
cat /sys/class/devfreq/17000000.gpu/cur_freq
grep "" /sys/class/hwmon/hwmon*/oc*_event_cnt
```

`tegrastats` च्या ओळीत `GR3D_FREQ 99%` दिसत होतं, म्हणजे जीपीयू किती भरलाय ते, आणि `tj@98.9C`, म्हणजे चिपचं तापमान. पहिला आकडा फसवा आहे आणि आम्हाला त्याने महिनाभर फसवलं होतं. जीपीयू ९९ टक्के भरलेला आहे, याचा अर्थ तो त्या क्षणी ज्या वेगाने चाललाय त्या वेगाच्या ९९ टक्के. वेगच अर्धा झाला असेल, तरी आकडा ९९च दिसतो. डॅशबोर्डवर आम्ही हाच टक्का दाखवत होतो, आणि तो सकाळी नि दुपारी सारखाच असायचा. खरी गोष्ट `cur_freq` ने सांगितली. १५ वॅटच्या मोडमध्ये जीपीयूची कमाल मर्यादा सुमारे ६२५ मेगाहर्ट्झ असते. तो ३०६ आणि ५१० च्या मध्ये वरखाली होत होता.

ओरिनच्या बोर्डवर चिपचं तापमान ९९ अंशांच्या आसपास गेलं की सॉफ्टवेअर वेग कमी करतं, म्हणजे चिप स्वतःला वाचवते. त्याच्याही पुढे गेलं तर बोर्ड स्वतःला बंद करतो. आमचा बोर्ड त्या उंबरठ्यावरच दुपारभर उभा होता. शेवटच्या कमांडचे आकडे शून्य होते, हेही महत्त्वाचं. वीजपुरवठा कमी पडल्यानेही बोर्ड वेग कमी करतो आणि वरवर दोन्ही आजार सारखेच दिसतात. ते आकडे वाढत असते तर आम्ही अ‍ॅडॉप्टर आणि तारा बघायला गेलो असतो.

उशीर कुठून आला

वेग घसरल्यावर बोर्ड सेकंदाला ३८ फ्रेम ओढत होता, येत होत्या ५०. मग १२ फ्रेम गळायला हव्या होत्या, उशीर का व्हावा?

दोष आमच्या प्रोग्रॅममध्ये होता. प्रत्येक कॅमेऱ्यासाठी ६० फ्रेमची एक रांग ठेवली होती. रांग भरली की नवी आलेली फ्रेम टाकून द्यायची, असं लिहिलं होतं. म्हणजे जुन्या जपायच्या आणि ताज्या फेकायच्या, नेमकं उलटं. बोर्डला दम असेपर्यंत रांग रिकामीच राहायची, त्यामुळे ही चूक कधी दिसलीच नाही. दुपारी रांग भरली की भरलेलीच राहायची. एका कॅमेऱ्याच्या वाट्याला सेकंदाला १९ फ्रेम, रांगेत ६०, म्हणजे बोर्ड जे बघत होता ते सव्वातीन सेकंद जुनं होतं.

पट्ट्याचा वेग सेकंदाला ०.८ मीटर. तेवढ्या वेळात पन्नी अडीच मीटर पुढे गेलेली असते. ताई कॅमेऱ्यापासून सव्वा मीटरवर उभ्या राहतात. त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं होतं.

रांगेची दुरुस्ती अर्ध्या तासाची होती: लांबी एक, नवी आली की जुनी फेकायची. ती त्याच दिवशी केली आणि उशीर नाहीसा झाला. इथे आमच्यात पहिला वाद झाला. आमचा एक जण म्हणाला, भोंगा वेळेवर वाजतोय, आता उष्णता सोडा, मोसम संपेपर्यंत चालेल. मी नाही म्हणालो. कारण फेब्रुवारीत शेडमध्ये ३६ अंश होते. एप्रिलमध्ये पत्र्याखाली ४५ च्या पुढे जातं, आणि आमच्याकडे वर सरकायला जागा उरली नव्हती.

पॅनल उघडलं तेव्हा

फिल्टरची जाळी काढली. तिच्यावर रुईचा थर बसला होता, आणि तो हाताने ओढताच अख्खा, पापुद्र्यासारखा निघून आला. गोधडीत घालता आला असता. रुईचे तंतू सिमेंटच्या धुळीसारखे एकेक कण म्हणून बसत नाहीत, एकमेकांत गुंततात. पहिला तंतू जाळीत अडकला की पुढचे त्याच्यावर विणले जातात, आणि मग तो थर जाळीपेक्षा बारीक चाळणी बनून मातीही धरायला लागतो. हवा बंद होते.

बोर्डच्या हीटसिंकच्या पात्यांमध्येही तेच, वरून दिसणार नाही असं. पंखा पात्यांच्या माथ्यावर बसतो, त्यामुळे थर पंख्याच्या खाली, पात्यांच्या तोंडाशी जमतो. पंखा फिरताना दिसतो, आवाजही येतो, पण हवा आत शिरत नाही. बाहेर ३६ अंश असताना पॅनलच्या आत ५७ होते.

आम्ही सगळं साफ केलं. त्याच वेळी, तेवढ्याच उन्हात चिपचं तापमान ७१ वर आलं. नऊ दिवसांनी ते पुन्हा ९६ होतं.

एक गोष्ट इथे सांगून ठेवतो. जिनिंगमध्ये कॉम्प्रेसरची नळी हाताशी असते आणि तिथल्या वायरमनने दुसऱ्या वेळी तिनेच पॅनल साफ केलं. हवेच्या झोताने छोटा पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट फिरला आणि दोन दिवसांत बेअरिंग घरघरायला लागलं. पंखा बोटाने किंवा काडीने धरूनच हवा मारायची असते. त्यात त्याचा दोष नाही, आम्ही सांगितलंच नव्हतं.

कोणते पर्याय तोलले

दर आठवड्याला साफसफाई हा पहिला आणि स्वस्त पर्याय. पण मोसमात जिनिंग रात्रंदिवस चालतं, पट्टा थांबवायला कुणी तयार नसतं, आणि नऊ दिवसांत ९६ म्हणजे एक खेप चुकली की संपलं. सोडून दिला.

जास्त मोठा पंखा लावावा असं मालकांचं म्हणणं होतं. "अजून एक फॅन ठोका ना." हे सगळ्यांना पहिल्यांदा सुचतं. पण जास्त हवा म्हणजे जास्त रुई, फिल्टर नवाऐवजी पाच दिवसांत भरेल. शिवाय रुई पेटते. गरम भागांवरून उडत्या रुईची हवा खेळवणं हे जिनिंगच्या आवारात मला मुळातच पसंत नव्हतं. पॅनलचा एसी किमतीमुळे आणि पाणी गळण्याच्या भीतीमुळे बोलण्यातच संपला.

बोर्ड धुळीतून उचलून काट्याच्या ऑफिसात ठेवावा, कॅमेरे तिथेच राहावेत, हा पर्याय सगळ्यात चांगला होता. अडचण अंतराची. केबलच्या वाटेने ते १४० मीटर भरत होतं आणि तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर. फायबर टाकता आलं असतं, पण गाड्यांच्या रस्त्याखालून चर खणावा लागला असता. मोसमात रस्ता बंद करणार नाही, असं मालकांनी स्पष्ट सांगितलं.

उरले दोन मार्ग, आणि ते एकमेकांना पूरक होते. पॅनल पूर्ण बंद करायचं, म्हणजे रुई आतच येणार नाही. पण मग उष्णता फक्त पॅनलच्या पत्र्यातून बाहेर जाईल, म्हणून आत कमी उष्णता तयार व्हायला हवी.

बंद पॅनलचं गणित

हे गणित सोपं आहे आणि खरं तर नोव्हेंबरातच करायला हवं होतं. रंगवलेल्या लोखंडी पेटीचा एक चौरस मीटर पत्रा, आतबाहेर एका अंशाचा फरक असताना, साधारण साडेपाच वॅट उष्णता बाहेर टाकतो. आम्ही ४०० उंच, ३०० रुंद आणि २०० मिलिमीटर खोल अशी मोठी पेटी धरली. पाठ भिंतीला, म्हणून ती बाजू सोडली. तळही सोडला. माथ्यावर रुई साचणारच, म्हणून तोही सोडला. उरला दर्शनी भाग आणि दोन बाजू: ०.१२ आणि ०.१६, मिळून ०.२८ चौरस मीटर. म्हणजे एका अंशाला सुमारे १.५ वॅट.

आत तयार होणारी उष्णता: बोर्ड १३ वॅट, वीजपुरवठ्यात आणि स्विचमध्ये वाया जाणारी ८, एकूण २१. भागिले १.५, म्हणजे पेटीच्या आत बाहेरपेक्षा १४ अंश जास्त. एप्रिलमध्ये शेडमध्ये ४६ धरले तर आत ६०. पन्नास अंशांच्या वर अनेक वीजपुरवठे आपली पूर्ण क्षमता देत नाहीत आणि चिप पुन्हा नव्वदीत गेली असती. चाललं असतं, पण धाकधुकीत. बोर्डाचे १३ वॅट कमी करणं भाग होतं.

खरा निर्णय: किती काम लागतं

आमचा पहिला विचार सरळ होता, ७ वॅटचा मोड लावा. मग कुणीतरी विचारलं की ७ वॅटमध्ये ५० फ्रेम निघणार नाहीत, त्याचं काय? त्या प्रश्नाने खरा प्रश्न बाहेर काढला. ५० फ्रेम लागतात कुणाला?

कॅमेऱ्याला पट्ट्याचा एक मीटर दिसतो. ०.८ मीटर वेगाने पन्नी सव्वा सेकंद नजरेत राहते. २५ फ्रेमने ती ३१ वेळा दिसते. आमचा प्रोग्रॅम तीन फ्रेममध्ये सलग दिसली की भोंगा वाजवतो. दहा फ्रेमने ती बारा वेळा दिसते, आणि ताईंपर्यंत पोहोचायला दीड सेकंद असतो. दहा पुरेसे होते, चांगले पुरेसे. २५ हा आकडा कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आधीपासून होता, आम्ही तो कधी ठरवला नव्हता.

साफ केलेल्या बोर्डवर आम्ही `VDD_IN` चे सरासरी आकडे घेतले, कारण बोर्डात शिरणारी एकूण वीज तिथे दिसते. १५ वॅटच्या मोडमध्ये ५० फ्रेमना १३.१ वॅट लागत होते. कॅमेरे दहा-दहा फ्रेमवर आणताच ९.९. मग सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये `jetson_clocks` ही ओळ सापडली, टेबलावरच्या चाचणीतून राहून गेलेली. ती मोडच्या मर्यादेत सगळे वेग वरच्या टोकाला खिळवून ठेवते, काम असो वा नसो. ती काढल्यावर ८.६. आणि शेवटी ७ वॅटचा मोड लावल्यावर ६.९.

हे आकडे मला अजून शिकवतात. तेरावरून सातवर आलो, पण त्यातले साडेचार वॅट मोडने वाचवले नाहीत. ते कमी कामाने आणि एक ओळ काढल्याने वाचले. मोडने पावणेदोन वाचवले. मोड ही छतासारखी गोष्ट आहे, त्याच्यावर जाता येत नाही एवढंच ते ठरवतं. छताखाली किती उष्णता होईल, हे कामावर अवलंबून असतं.

मग ७ वॅटचा मोड लावायचाच कशाला, हा आमचा दुसरा वाद. ८.६ वरही गणित बसत होतं. मी छताच्या बाजूने होतो. वीज जाऊन आल्यावर कॅमेरा मूळ सेटिंगवर जाऊन पुन्हा २५ फ्रेम पाठवायला लागला, तर १५ वॅटचा मोड बंद पेटीत तेरा वॅट जाळेल. सातच्या मोडमध्ये फ्रेम गळतील, पण पेटी तापणार नाही. नव्या रांगेमुळे गळणं आता सुरक्षित होतं. सातच्या मोडमध्ये सेकंदाला ३१ फ्रेम निघत होत्या, लागत होत्या २०. ही शिल्लक मला पुरेशी वाटली.

अमलात आणताना काय अडलं

मोड बदलून बोर्ड पुन्हा चालू केला आणि आमची सेवा उठलीच नाही. लॉगमध्ये `taskset` ची तक्रार होती: `Invalid argument`. ७ वॅटच्या मोडमध्ये सहापैकी चारच कोर चालू राहतात, 0 ते 3. आमच्या जुन्या स्क्रिप्टने कॅमेऱ्याचं काम 4 आणि 5 या कोरना बांधून दिलं होतं. बंद कोरला काम देता येत नाही. ओळ काढून टाकली. हे पट्टा थांबलेला असताना झालं म्हणून निभावलं.

दुसरी गोष्ट जास्त फसवी होती. कॅमेरे दहा फ्रेमवर आणल्यावर पन्न्या ओळखल्या जात होत्या, पण बारीक धागे निसटायला लागले. चित्र थांबवून पाहिलं तर धाग्याची जागा धूसर पट्टी. कॅमेऱ्याचं शटर आपोआप ठरत होतं. सेकंदाला २५ फ्रेम असताना ते फार तर १/२५ सेकंद उघडं राहू शकायचं, दहा फ्रेम केल्यावर त्याला १/१० पर्यंत मोकळीक मिळाली आणि शेडमधल्या कमी उजेडात त्याने ती घेतली. तेवढ्यात पट्टा आठ सेंटिमीटर सरकतो. शटर १/५०० वर पक्कं केलं, म्हणजे सरकणं दीड मिलिमीटरवर आलं, आणि पट्ट्यावर आणखी एक एलईडी पट्टी लावली. ती पेटीच्या बाहेर होती, म्हणून तिची उष्णता आमच्या हिशोबात नाही.

पेटी मोठी घेतली, झरोके नाहीत, तारा रबरी ग्लँडमधून. बोर्डचा स्वतःचा पंखा ठेवला, तो आता आतलीच हवा फिरवतो. त्याचं प्रोफाइल `/etc/nvfancontrol.conf` मध्ये `quiet` वरून `cool` केलं, कारण जिनिंगमध्ये पंख्याच्या आवाजाची पर्वा कुणाला.

पुढे काय झालं

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जिनिंग चाललं. शेडमध्ये ४६ अंश असताना पेटीच्या आत ५५ मोजले, चिप ७४ ते ८१ च्या मध्ये राहिली. वेग एकदाही मर्यादेखाली घसरला नाही. पन्नी दिसल्यापासून भोंग्यापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत. बोर्डवर रुईचा एक तंतूही गेला नाही.

दोन गोष्टी मात्र अपेक्षेबाहेर निघाल्या. पेटी बंद केल्यावर चिप थंड झाली, पण बोर्डच्या पोटाशी असलेली एसएसडी ७१ अंशांवर पोचली. आम्ही पुढच्या प्रशिक्षणासाठी प्रत्येक फ्रेम साठवत होतो, आणि बंद हवेत तिला वारा नव्हता. फक्त भोंगा वाजलेल्या फ्रेम साठवायला लागल्यावर ती साठीवर आली. चिपच्या तापमानाकडे बघताना शेजारच्या भागांकडे आमचं दुर्लक्ष झालं होतं.

दुसरं, तीन आठवड्यांत आतलं तापमान पाच अंशांनी वाढलेलं दिसलं. पेटीच्या माथ्यावर बोटभर रुई आणि दाराच्या कडेलाही. माथा गणितात सोडला होता, पण दार सोडलेलं नव्हतं. झाडूने झाडल्यावर तापमान खाली आलं. हे काम ताईंनीच आपणहून घेतलं, पट्ट्याशी झाडताना पेटीवरूनही झाडू फिरवतात.

वेगळं काय करता आलं असतं

टेबलावरची चाचणी बोर्डवर कापड गुंडाळून करायला हवी होती. ऐकायला अडाणी वाटतं, पण हीटसिंक मुद्दाम झाकून बोर्ड ९९ अंशांपर्यंत नेला असता, तर रांगेची चूक पहिल्याच दिवशी दिसली असती. वेग घसरल्यावर आपला प्रोग्रॅम कसा वागतो, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

डॅशबोर्डवर जीपीयूचा टक्का ठेवणं चूक होती. आता तिथे फ्रेमचं वय आहे, म्हणजे कॅमेऱ्याने टिपल्यापासून निकाल येईपर्यंतचा वेळ, आणि शेजारी `cur_freq` व `tj`. सूचना तापमानावर नाही, वयावर जाते. ते अर्ध्या सेकंदावर गेलं की फोन वाजतो.

मोड बदलण्याची आमची स्क्रिप्ट क्रमांकावर चालत होती, `nvpmodel -m 1`. आमच्या प्रतीत हा ७ वॅटचा मोड आहे. पण बोर्डच्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे जेटपॅकच्या ६.२ या आवृत्तीतल्या 'सुपर' रचनेत याच बोर्डवर 1 म्हणजे २५ वॅट. कुणी उन्हाळ्यात अपडेट केलं असतं, तर बंद पेटीत तीच ओळ भट्टी पेटवून गेली असती. आता स्क्रिप्ट मोड लावल्यावर `nvpmodel -q` चं नाव तपासते आणि ते जुळलं नाही तर सेवा सुरूच करत नाही.

आणि फायबर. मोसमाच्या आधी, सप्टेंबरात, मालकांना चर खणायला सांगितलं असतं तर यातलं अर्धं प्रकरण घडलंच नसतं. मागच्या महिन्यात पुन्हा विषय काढला. ते म्हणाले, "आता तर चालून राहिलं ना?" चर अजून खणलेला नाही. पेटीला उतरतं छप्पर तेवढं करून घेतलंय, म्हणजे रुई माथ्यावर कमी थांबेल.